पंचवीस मिलिवॅटचा जमाखर्च

मामांची जॅकवेल कृष्णेच्या काठाला आहे आणि घर गावठाणात. दोन्हींत सरळ रेषेत चार किलोमीटरचं अंतर, आणि मधे सगळा ऊस. शेतीच्या विजेची पाळी एका आठवड्यात दिवसाची, तर दुसऱ्यात रात्रीची. उन्हाळ्यात नदीचं पाणी फूट व्हॉल्व्हच्या खाली उतरलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की मोटर कोरडी फिरते आणि जळते. त्यामुळे रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन नदीवर जायचं, पाणी किती आहे ते बघायचं आणि परत यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती: पाण्याची पातळी घरच्या भिंतीवर दिसावी. मोबाइलचं सिम टाकून हे करता आलं असतं, पण जॅकवेल नदीच्या खोलगटात असल्याने तिथे रेंज येते-जाते, शिवाय महिन्याचा रिचार्ज. मी लोरा जातीचा एक छोटा रेडिओ आणला. जॅकवेलवर पातळी मोजणारा सेन्सर, सोलरची लहानशी पाटी, बॅटरी आणि रेडिओ. घरी तसाच दुसरा रेडिओ. दर दहा मिनिटांनी वीसेक अक्षरांचा एक निरोप. हा रेडिओ ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो.

मार्च महिना होता. कारखान्याची तोड उरकली होती आणि नदीपासून गावापर्यंत रान मोकळं पडलं होतं. पहिल्याच दिवशी आकडे धडाधड येऊ लागले. ऑगस्टमध्ये ते गळायला लागले आणि सप्टेंबरात मामांचा फोन आला, "आकडा का येईना रं? दुपारी एखादा येतोय, सांज झाली की बंदच पडतंय." त्या फोनचं उत्तर शोधताना मला जे नव्याने मांडावं लागलं, त्याला रेडिओवाले लिंक बजेट म्हणतात. मार्चमध्ये मी ते केलं होतं, पण एक ओळ चुकीची लिहिली होती.

लिंक बजेट ही किराणा दुकानाच्या वहीसारखी जमाखर्चाची वही. ट्रान्समीटरने किती ताकद दिली ही सुरुवातीची जमा. अँटेना त्यात भर घालतात, वायरी आणि वाट त्यातून खातात. शेवटी रिसिव्हरच्या हातात काय पडलं ते बघायचं, आणि त्याला कमीत कमी किती लागतं त्याच्याशी ताडून पाहायचं. उरली ती शिल्लक, म्हणजे मार्जिन. हिशेब सोपा आहे, कारण त्यात गुणाकार-भागाकार नाहीत, फक्त बेरीज-वजाबाकी आहे. ही सोय डेसिबलची.

टेलिफोन कंपन्यांना लांबच लांब तारांमधून आवाज किती क्षीण होतो ते मोजायचं होतं. मैलामागे आवाज ठरावीक पटीने कमी होतो, म्हणजे दहा मैलांसाठी तीच पट दहा वेळा गुणायची. त्याऐवजी पटींचे लॉगरिदम घेतले, की गुणाकाराची बेरीज होते. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२०च्या दशकात त्यासाठी एकक ठरवलं आणि पुढे त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून डेसिबल म्हणू लागले. आपल्याला त्यातलं दोनच पाठ लागतं: ताकद दुप्पट झाली तर ३ डेसिबल वाढ, दहापट झाली तर १०. कमी झाली तर तेवढीच उणे. एक मिलिवॅटला शून्य मानून मोजलेल्या ताकदीला डीबीएम म्हणतात. माझा ट्रान्समीटर २५ मिलिवॅटचा, म्हणजे १४ डीबीएम. दहा वॅटच्या एलईडी दिव्याच्या चारशेव्या हिश्श्याइतकी ही ताकद.

आता मार्चची वही. ट्रान्समीटरचे १४. जॅकवेलवरच्या दांडीसारख्या अँटेनाचे २. घरच्या तसल्याच अँटेनाचे आणखी २. अँटेनाला ‘गेन’ आहे म्हणजे ती काही ताकद पैदा करत नाही. तिला दिलेलीच ताकद ती वर आकाशात आणि खाली जमिनीत न सांडता आडव्या दिशेला जास्त सोडते. शेताला पाणी देताना सगळीकडे सोडण्याऐवजी दारं मोडून एकाच सरीत वळवावं, तसं. त्यामुळे ‘जास्त गेनची अँटेना’ म्हणजे नेहमी ‘कमी दिशांना ऐकणारी अँटेना’. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

खर्चाच्या बाजूला घरच्या छतावरून खोलीत आणलेली दहा मीटर पातळ केबल. ही बारीक काळी केबल दुकानात स्वस्तात मिळते, आणि ८६६ मेगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास अर्धा डेसिबल गिळते. दहा मीटरचे ५ डेसिबल गेले. म्हणजे अँटेनाने हवेतून जे पकडलं त्याचा दोन तृतीयांश भाग खोलीत पोचायच्या आधीच केबलमध्ये ऊब होऊन गेला. मला हे माहीत होतं आणि मी ते चालवून घेतलं, कारण वही भरभक्कम दिसत होती.

मग सगळ्यात मोठा खर्च, वाटेचा. मोकळ्या अवकाशात लहर पसरत जाते. दूर गेलं की तीच ताकद आणखी मोठ्या गोलावर वाटली जाते आणि आपल्या अँटेनाच्या वाट्याला येणारा तुकडा लहान होत जातो. हवा तिला खात नाही, ती फक्त पातळ होते. अंतर दुप्पट झालं की तुकडा चौथाई, म्हणजे ६ डेसिबल कमी. ही वाट मोजायचं समीकरण बेल लॅबोरेटरीजमधल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ साली एका छोट्या टिपणात दिलं. आज ते अशा रूपात वापरतात, अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये:

```
L = 32.44 + 20 log10(f) + 20 log10(d)
  = 32.44 + 58.75 + 12.04 = 103 dB
```

f म्हणजे ८६६ आणि d म्हणजे ४. वाटेत १०३ डेसिबल गेले. आता वही: १४ अधिक २ अधिक २, उणे ५, उणे १०३. उरले उणे ९० डीबीएम.

उणे ९० हा आकडा बघून घाबरायला होतं, कारण तो मिलिवॅटचा शंभर कोटीवा भाग आहे. पण रिसिव्हर त्याहून फार कमी आवाजावर काम करतो. किती कमी, हे त्याच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता’ या नावाने छापलेलं असतं, आणि तो आकडा कुठून येतो हे बघण्यासारखं आहे.

कुठलीही वस्तू गरम आहे म्हणून तिच्यातले इलेक्ट्रॉन चुळबुळ करतात आणि त्याचा रेडिओला एक अखंड खरखराट ऐकू येतो. नेहमीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे हा खरखराट उणे १७४ डीबीएम. रिसिव्हर जितका रुंद पट्टा ऐकतो तितका खरखराट जास्त. माझा रेडिओ १२५ किलोहर्ट्झ रुंद ऐकत होता, त्याचे ५१ डेसिबल वाढले. रिसिव्हरचे स्वतःचे भाग आणखी ६ डेसिबल खरखर घालतात. बेरीज उणे ११७ डीबीएम. ही झाली रिसिव्हरच्या कानातली कायमची गुणगुण. नेहमीचे रेडिओ या गुणगुणीच्या वर काही डेसिबल असलेलाच आवाज समजू शकतात. लोराची खुबी अशी की एकच खूण तो लांबवर ओढून पाठवतो आणि रिसिव्हरला ती आकृती आधीच माहीत असते, म्हणून गुणगुणीच्या खालचा आवाजही त्याला कळतो. SF7 या वेगवान चालीत तो गुणगुणीच्या साडेसात डेसिबल खालपर्यंत जातो. म्हणजे उणे १२४ च्या आसपास. माहितीपत्रकात उणे १२३ छापलं आहे. आपण तेच धरू.

हातात उणे ९०, गरज उणे १२३. शिल्लक ३३ डेसिबल. म्हणजे लागतं त्याच्या दोन हजार पट हातात. मी मनात म्हटलं, झालं काम. दोन्ही टोकांना चढवलं आणि निघालो. जॅकवेलवर अँटेना पंपघराच्या भिंतीला, जमिनीपासून दोन मीटरवर लावली, कारण शिडी तेवढीच होती. घरी ती छतावर, जमिनीपासून नऊ मीटर उंच.

खरं तर पहिल्याच दिवशी वहीतली चूक पडद्यावर दिसत होती. हिशेबाने उणे ९० यायला हवे होते, आले उणे १०६. सोळा डेसिबल कुठे गेले? शिल्लक अजून १७ असल्याने मी ‘चालतंय की’ म्हणून सोडून दिलं. आता सांगतो, लिंक बजेटचा खरा उपयोग इथेच असतो. लिंक चालते का नाही हे तर लावून बघितलं की कळतंच. पण वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा दोन-चार डेसिबलच्या आत जुळला नाही, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती आज चालतेय म्हणून उद्याही चालेल असं नाही.

गळती जमिनीतून होती. फ्रिस यांचं समीकरण मोकळ्या अवकाशाचं आहे. तिथे दोन अँटेना आणि मधे काहीच नाही. आपल्या लिंकमध्ये खाली जमीन आहे. एक लहर सरळ येते आणि दुसरी जमिनीवर आपटून येते. एवढ्या कमी उंचीवर आणि एवढ्या लांबून जमिनीवर आपटणारी लहर फार तिरकी पडते, आरशावरून घसरावी तशी उसळते आणि उसळताना उलटी होते. मग सरळ आलेली आणि उलटी झालेली अशा दोन लहरी घरच्या अँटेनावर जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींना मारतात. किती मारतात हे अँटेनांच्या उंचीवर ठरतं. उंची वाढली की दोन्ही वाटांच्या लांबीत फरक पडतो आणि मारामारी कमी होते.

हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर लहर दोन अँटेनांमधून दोरीसारखी जात नाही, ती मधे फुगलेल्या फुग्यासारखी जागा मागते. त्या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. ८६६ मेगाहर्ट्झला आणि चार किलोमीटरला हा फुगा मधोमध जवळपास साडेअठरा मीटर त्रिज्येचा होतो. आमची अँटेनांची रेघ मधे जमिनीपासून साडेपाच मीटरवरून जात होती. म्हणजे फुग्याचा खालचा मोठा भाग जमिनीत गाडलेला. छतावर उभं राहून दुर्बिणीतून पंपघर स्वच्छ दिसतं, म्हणून मी ‘समोरासमोर आहे’ असं धरलं होतं. डोळ्याला दिसणं आणि रेडिओला मोकळं असणं यात एवढा फरक.

अशा जमिनीलगतच्या लिंकसाठी वाटेचा खर्च वेगळ्या सूत्राने काढतात. त्यात अंतर दुप्पट झालं की ६ नाही, १२ डेसिबल जातात. पण एखाद्या टोकाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल परत मिळतात. मीटरमध्ये मोजायचं:

```
L = 40 log10(d) - 20 log10(h1 x h2)
  = 144 - 20 log10(2 x 9) = 144 - 25 = 119 dB
```

१०३ च्या जागी ११९. हरवलेले सोळा डेसिबल सापडले, आणि वहीतला आकडा उणे १०६ झाला, पडद्यावर होता तोच. इतकं तंतोतंत जुळणं हा नशिबाचा भाग. हे सूत्र सपाट, मोकळ्या जमिनीचं आहे, आणि मार्चमध्ये तोड झालेलं रान जवळपास तसंच होतं.

मग सप्टेंबर. तोडीनंतर राखलेला खोडवा आतापर्यंत साडेतीन मीटर झाला होता. दोन मीटरवरची माझी अँटेना त्याच्या पार पोटात. ओल्या, रसरशीत पानांच्या भिंतीतून लहरीला बाहेर पडायचं होतं. पानांतलं पाणी तिला खातं, कांडी तिला इकडेतिकडे विखुरतात. आणखी साधारण १५ डेसिबल गेले. उणे १०६ मधून १५ काढा: उणे १२१. गरज उणे १२३. शिल्लक दोन. दोन डेसिबलवर चाललेली लिंक म्हणजे खिशात दोन रुपये घेऊन बाजाराला जाणं. वारा सुटला, पानं हलली, की निरोप गेला.

गावात मात्र याचं कारण पाऊस ठरलं होतं. पाऊस ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीला जवळपास शिवत नाही. पडत्या थेंबांचा त्रास सुरू होतो तो दहा गिगाहर्ट्झच्या वर, डीटीएचच्या छत्रीला. आमच्याकडे चोर होता तो पाऊस पिऊन वाढलेला ऊस.

पण ऊस रात्री वाढून दुपारी आखूड होत नाही. मग दुपारी एखादा आकडा येतो आणि सांजेला बंद पडतं, हे कशाने? त्यासाठी घरच्या रेडिओच्या नोंदी काढल्या. त्यातल्या दोन:

```
14:10  RSSI -116  SNR -4.0
19:20  RSSI -110  SNR -7.2
```

RSSI म्हणजे रिसिव्हरच्या कानावर एकूण किती आवाज पडतोय, आणि SNR म्हणजे निरोप गुणगुणीच्या किती वर किंवा खाली आहे. नवशिक्याला संध्याकाळची नोंद जास्त चांगली वाटते, कारण उणे ११० हे उणे ११६ पेक्षा जोरात. पण निरोप जेव्हा गुणगुणीच्या खाली असतो तेव्हा RSSI मध्ये मुख्यतः गुणगुणच मोजली जाते. निरोपाचा खरा आवाज काढायचा तर दोन्हींची बेरीज करायची. दुपारी उणे १२०, संध्याकाळी उणे ११७. निरोप कमी झालाच नव्हता. गुणगुणच सहा डेसिबलने वाढली होती, आणि SNR उणे साडेसातच्या कडेला जाऊन टेकला होता. जे निरोप त्या कडेच्या पलीकडे पडत होते ते नोंदीत यायचं कारणच नव्हतं. आलेल्यांवरून न आलेल्यांचा अंदाज करायचा. हे एक लक्षात ठेवावं: RSSI आणि SNR दोन्ही सोबत घसरले तर वाट बिघडली, RSSI चढला आणि SNR घसरला तर घराजवळ कुणीतरी गोंगाट करतंय.

गोंगाट करणारा मामांच्या छतावरून दिसतच होता, दीडशे मीटरवरचा मोबाइल टॉवर. आपल्याकडे मोबाइलच्या ८५० मेगाहर्ट्झ बँडमध्ये टॉवरकडून फोनकडे जाणाऱ्या लहरी ८६९ मेगाहर्ट्झच्या वर असतात. माझा रेडिओ ८६६ वर. तीन-चार मेगाहर्ट्झचा बांध आणि पलीकडे हजारो पट जोराचा शेजारी. टॉवरची थोडी सांड माझ्या पट्ट्यात येते, आणि स्वस्त रिसिव्हरचे कानही त्याच्या जोराने थोडे दडे बसल्यासारखे होतात. संध्याकाळी गाव घरी येतं, फोन उघडतं, मालिका आणि क्रिकेट सुरू होतं, आणि टॉवर पूर्ण दमाने बोलू लागतो. यात टॉवरवाल्याची चूक काही नाही, तो त्याच्या बांधात आहे. मार्चमध्येही हे होतच असणार, पण तेव्हा १७ शिल्लक होती, त्यातले सहा गेलेले कुणाला दिसले नाहीत. माहितीपत्रकातली उणे १२३ ची संवेदनशीलता शांत खोलीतली आहे. मामांच्या छतावर संध्याकाळी सातला ती उणे ११७ होती.

तर आता वहीत दिवसा दोन शिल्लक आणि संध्याकाळी चारची तूट. भरून कशी काढायची?

पहिला सल्ला सगळे देतात तो ताकद वाढवण्याचा. १४ चे २० डीबीएम करता येतात, कायद्यातही बसतं. ६ डेसिबल मिळतात, पण चौपट ताकद टाकायला बॅटरीतून साधारण चौपट प्रवाह ओढला जातो, आणि पावसाळ्यात सोलरची पाटी आधीच उपाशी असते. दुसरा उपाय चाल हळू करण्याचा. SF7 ऐवजी SF12 केलं तर संवेदनशीलता उणे १३६ पर्यंत जाते, १३ डेसिबल फुकट. फुकट म्हणजे पैशात फुकट. जो निरोप ५७ मिलिसेकंदांत जायचा त्याला १.३ सेकंद लागतात, आणि तितका वेळ ट्रान्समीटर पेटलेला राहतो. बॅटरीचा हिशेब ताकद वाढवण्यापेक्षाही वाईट. दोन्ही मार्ग मी मागे ठेवले.

त्याऐवजी पंपघराला वीस फुटी लोखंडी पाइप उभा केला आणि अँटेना पाच मीटरवर नेली. नदीकाठच्या उघड्या रानात एकटा लोखंडी पाइप म्हणजे विजेला आमंत्रण, म्हणून त्याला नीट अर्थिंग केलं. घरी रेडिओच पाणी न जाणाऱ्या डब्यात घालून छतावर अँटेनाच्या पायाशी बसवला आणि खोलीत फक्त वीज आणि डेटाची वायर आणली. केबलचे ५ डेसिबल तिथेच वाचले. आणि घरची दांडी काढून ९ डेसिबलची यागी लावली, जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी आडव्या काड्यांची. ती एकाच दिशेला ऐकते. नदीकडे तोंड केलं की टॉवर तिच्या पाठीमागे येतो, आणि पाठीमागचं तिला पंधरा-एक डेसिबलने कमी ऐकू येतं. टॉवरने वाढवलेले सहा त्यात केव्हाच बुडाले. म्हणजे यागीने नदीचा आवाज वाढवला तो सात डेसिबलने, पण तिचं मोठं काम ऐकण्यापेक्षा न ऐकण्याचं.

नवी वही मांडताना यावेळी घाई केली नाही. पाच मीटर आणि नऊ मीटरला मोकळ्या जमिनीवर वाटेचा खर्च १११ येतो. पण जमीन मोकळी नव्हती. चार किलोमीटर साडेतीन मीटर उंचीचा घट्ट ऊस पसरलेला असेल, तर लहरीच्या दृष्टीने त्याचे शेंडे हीच जमीन. ऊस वाढला की जमीनच वर येते. मग माझी पाच मीटरची अँटेना प्रत्यक्षात दीड मीटरची राहिली आणि घरची नऊची साडेपाचची. तीच आकडेमोड केली की खर्च १२६. वही: १४ अधिक २ अधिक ९, उणे १२६. उणे १०१ डीबीएम. शिल्लक २२, दिवसा आणि संध्याकाळी सारखीच.

चालू केलं आणि पडद्यावर आले उणे ११७.

मार्चमध्ये सोळाचा फरक मी सोडून दिला होता. आता पुन्हा सोळाचाच फरक, पण यावेळी सोडवेना. केबल नव्हतीच, जोड घट्ट होते, दिशा बरोबर होती. शेवटी छतावर बसून यागीकडे बघत राहिलो तेव्हा उमगलं. लावणाऱ्या पोराने ती टीव्हीच्या अँटेनासारखी, काड्या आडव्या ठेवून बसवली होती. नदीवरची दांडी उभी. उभ्या दांडीतून निघालेली लहर उभी डोलते आणि आडव्या काड्यांना ती जेमतेम जाणवते. यात दहा ते वीसभर डेसिबल सहज जातात. दोन बोल्ट सैल केले, काड्या उभ्या फिरवल्या. उणे १०२.

मामांनी भिंतीवरच्या पडद्याशेजारी कॅलेंडर टांगलंय. सुरुवातीला ते फक्त पाण्याचा आकडा बघायचे. दिवाळीनंतर एकदा गेलो तर म्हणाले, "हा खालचा उणेवाला आकडा काय सांगतोय ते कळलं मला." डिसेंबरात तो १०१ वरून ९६ झाला, मग ९२, आणि जानेवारीच्या मध्यात ८६ वर येऊन थांबला. मोकळ्या रानाच्या १११ ने वही मांडली तर बरोबर तोच येतो. त्या मधल्या दिवसांत एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी पडद्याकडे नजर टाकली आणि मामीला म्हणाले, "पाणंदीपल्याडच्या फडाला तोड आली वाटतं." मी गाडी काढून बघून आलो. मजूर कोयते घेऊन कामाला लागले होते, आणि निम्मा फड खाली झाला होता.